गाइडचा ईमेल आला : ‘हा मजकूर एआयने लिहिलेला दिसतो, लेखी खुलासा करा’

ईमेल बहुतेक वेळा चार ओळींचा असतो. ‘सोबत अहवाल जोडला आहे. प्रकरण २, ३ व ५ मधील काही भाग एआय-निर्मित असल्याचे दाखवले आहे. पूर्वप्रबंध सादरीकरणापूर्वी आपला लेखी खुलासा सोमवारपर्यंत द्यावा.’ नमस्कार नाही, शेवटी ‘काळजी नको’ नाही. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि पहिला फोन जातो तो मित्राला.

मी महाविद्यालयाचा ग्रंथपाल आहे, प्रबंधाचे तपासणी अहवाल काढण्याचं काम माझ्याकडे येतं. त्यामुळे ईमेलच्या दोन्ही टोकांची माणसं मला दिसतात. सर असा ईमेल का लिहितात ते आधी सांगतो, म्हणजे उत्तर कसं द्यायचं ते कळेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या पीएचडी नियमावलीनुसार प्रबंधासोबत दोन कागद लागतात. एक तुमचं हमीपत्र, की यात वाङ्मयचौर्य नाही. दुसरं मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र, की काम मूळ आहे. त्या दुसऱ्या कागदावर सही सरांची असते. अहवाल हातात असताना सरांनी काहीच विचारलं नाही आणि सही केली, तर उद्या प्रश्न त्यांनाच येईल. म्हणून हा ईमेल आरोपपत्र समजू नका. फाइलला लावता येईल असा एक कागद ते मागत आहेत. तो कागद नीट तयार करायचा, एवढंच तुमचं काम आहे.

उदाहरण घेऊन चालू. व्यक्ती कल्पित आहे, अडचणी मात्र नेहमीच्या. यावलकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या बाई अर्थशास्त्रात पीएचडी करत आहेत. विषय रावेर-यावल तालुक्यांतल्या केळी उत्पादकांचा ठिबकवरचा खर्च आणि उत्पन्न. प्रबंध इंग्रजीत. अहवालात एआयचा आकडा ३१ टक्के आणि रंगवलेले भाग तीन : २.४ साहित्य आढावा, ३.२ नमुना निवड, ५.३ तक्त्यांचं विवेचन.

पहिल्या दिवशी : दोन ओळी लिहा आणि फाइलला हात लावू नका

मित्राचा सल्ला ठरलेला असतो : ‘अरे, ह्युमनायझरमधून काढ, आकडा शून्यावर येतो, आणि सुधारित फाइल पाठवून दे.’ ह्युमनायझर म्हणजे एआयचा मजकूर माणसाचा वाटावा म्हणून शब्द फिरवून देणारं साधन. हे केलंत तर साधा प्रश्न अवघड होऊन बसतो. सरांकडे जुनी प्रत आहे, अहवालही त्याच प्रतीचा आहे. तुम्ही न विचारता बदललेली प्रत पाठवली की दोन्ही शेजारी ठेवून कुणीही बघू शकतं, आणि तो बदलच लपवाछपवीसारखा दिसतो. शिवाय टर्निटिन या तपासणीच्या सॉफ्टवेअरच्या अहवालात एआयने लिहून पुन्हा यंत्राने फिरवलेल्या मजकुराला वेगळा रंग असतो. म्हणजे ह्युमनायझर वापरल्याची खूण उमटण्याचीच शक्यता. फिरवलेलं इंग्रजीही विचित्र होतं. ‘सँपल साइज’चं ‘स्पेसिमेन मॅग्निट्यूड’ झालेलं दिसलं की जाणत्या गाइडला अहवालाचीही गरज पडत नाही.

त्याऐवजी त्याच दिवशी एवढं लिहा :

‘आदरणीय सर, आपला ईमेल मिळाला. संपूर्ण अहवालाची पीडीएफ आणि तपासणीसाठी वापरलेली फाइल कृपया पाठवावी, म्हणजे त्याच प्रतीवरून परिच्छेदनिहाय लेखी खुलासा सोमवारपर्यंत सादर करते. तोपर्यंत मी मजकुरात कोणताही बदल करत नाही.’

पीडीएफ मागावीच लागते, कारण टर्निटिनमध्ये एआयचा अहवाल विद्यार्थ्याच्या लॉगिनला सहसा दिसत नाही. अनेकदा ईमेलला फक्त पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट असतो आणि नुसत्या आकड्यावर खुलासा लिहिता येत नाही. पाठोपाठ प्रबंधाचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून बाजूला ठेवा. ती कॉपी उघडायची नाही, सेव्ह करायची नाही.

आणखी एक गोष्ट टाळा. तेच परिच्छेद इंटरनेटवरच्या पाच फुकट डिटेक्टरांत टाकून बघू नका. एक शून्य म्हणेल, दुसरा ऐंशी, आणि त्यातला सोयीचा आकडा खुलाशाला जोडण्याचा मोह होईल. त्याने काहीच सिद्ध होत नाही. अप्रकाशित प्रबंधाचा मजकूर मात्र कुणाच्या तरी सर्व्हरवर जाऊन पडतो.

अहवाल वाचायचा कसा

सगळ्यात आधी हा कोणत्या प्रकारचा अहवाल आहे ते बघा. साम्य म्हणजे सिमिलॅरिटीचा अहवाल निराळा, एआयचा निराळा. साम्य अहवालात प्रत्येक रंगाला स्रोत असतो : हे वाक्य अमुक प्रबंधात, अमुक संकेतस्थळावर आहे. इन्फ्लिबनेटच्या शोधशुद्धी योजनेतून महाविद्यालयांना आधी उरकुंड मिळालं, नंतर ड्रिलबिट, ते मुख्यतः या साम्यासाठी. एआय अहवालात स्रोत नसतोच. तिथे यंत्र अंदाज सांगतं. म्हणून साम्याचा अहवाल पुरावा म्हणून उभा राहू शकतो, एआयचा फक्त विचारणा करायला पुरतो. दोन्ही आकडे एकाच पानावर असले तरी त्यांची बेरीज करत नाहीत.

३१ टक्क्यांचा अर्थ ‘एआयने लिहिल्याची ३१ टक्के शक्यता’ असा नाही. टर्निटिन सलग गद्य वाक्यंच धरतं. तक्ते, बुलेट, संदर्भसूची सोडून देतं. उरलेल्या गद्यापैकी जितका भाग त्याला यंत्राचा वाटला, तितके टक्के. एका वेळी तपासायच्या शब्दांना मर्यादा असल्याने प्रबंध प्रकरणवार अपलोड होतात, तेव्हा टक्के कशाचे, म्हणजे छेद कोणता, ते विचारून घ्या. आपल्या उदाहरणात तीन प्रकरणं मिळून १८,००० शब्द, त्यातलं धरण्याजोगं गद्य १४,००० आणि त्याचे ३१ टक्के म्हणजे सुमारे ४,३०० शब्द. अख्खा प्रबंध ५२,००० शब्दांचा असेल तर हे जेमतेम ८ टक्के. पण हा ८चा आकडा सरांपुढे नाचवू नका. त्यांना प्रश्न त्या ४,३०० शब्दांबद्दल आहे, आणि छेद मोठा केल्याने ते शब्द कमी होत नाहीत. टर्निटिन स्वतः २० टक्क्यांच्या आतला आकडा दाखवत नाही, तिथे आकड्याऐवजी तारांकन येतं, कारण त्या पट्ट्यात चूक होण्याचं प्रमाण जास्त. हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे.

यंत्र नेमकं बघतं काय? पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो ते. माणूस लिहितो तेव्हा मध्येच अनपेक्षित शब्द येतो, एक वाक्य लांब, एक तोकडं. चॅटबॉट बहुतेक वेळा सर्वांत संभाव्य शब्द निवडत जातो, त्यामुळे मजकूर एकसारखा गुळगुळीत होतो. आता आपल्याकडचं प्रबंधाचं इंग्रजी आठवा. ‘द प्रेझेंट स्टडी इज बेस्ड ऑन बोथ प्रायमरी अँड सेकंडरी डेटा.’ हे वाक्य खानदेशातल्या निम्म्या प्रबंधांत आहे, पहिला शब्द वाचला की शेवटचा कळतो. पद्धतिशास्त्राचं प्रकरण म्हणूनच रंगतं. आपल्या उदाहरणातलं ३.२ याच जातीचं आहे.

इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना याचा फटका बसतो हे तपासलं गेलेलं आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये टोफेल परीक्षेचे ९१ निबंध सात डिटेक्टरांतून काढले. माणसांनीच लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के यंत्राचे ठरले. पण हा दाखला जपून द्या. त्या सातांत टर्निटिन नव्हतं आणि ते निबंध छोटे होते. सरांनी एवढं विचारलं आणि तुम्हाला ठाऊक नसलं, तर बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचंही वजन जातं.

अजून एक बारकावा. टर्निटिन मजकूर काही वाक्यांच्या तुकड्यांत तपासतं, हे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात, आणि वाक्याचा निकाल आजूबाजूच्या तुकड्यांवरून लागतो. त्यामुळे यंत्राच्या परिच्छेदाला लागून असलेलं तुमचं स्वतःचं वाक्यही रंगू शकतं. रंगाची कडा जिथे सुरू होते आणि संपते तिथे जास्त बारकाईने बघा. प्रबंध मराठीत असेल, तर हे साधन मराठी मजकुरासाठी बनवलेलंच नाही. तसा आकडा कुठून आला, कोणत्या साधनाने काढला, हे आधी नम्रपणे विचारावं.

प्रत्येक परिच्छेद कसा घडला, ते लिहून काढा

खरं काम इथे आहे आणि त्याला एक पूर्ण दिवस द्यावा. अहवालाची छापील प्रत घ्या, रंगलेल्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्या, आणि समोर वहीत एकच गोष्ट लिहा : हा कसा लिहिला गेला. ‘स्वतः लिहिला’ एवढं पुरत नाही. आपल्याकडे एका परिच्छेदावरून बरेच हात फिरलेले असतात. आधी वहीत मराठीत लिहिलेलं असतं, ते टायपिंगवाल्याकडे जातं, तिथून गूगल ट्रान्सलेटमध्ये, मग ग्रामरलीत, आणि शेवटी एखाद्या इंग्रजीच्या सरांकडे. यात यंत्र कोणत्या पायरीवर आलं आणि त्याने काय केलं, ते सांगायचं आहे.

मोटामोटी चार खाती पडतात. इंग्रजीत थेट स्वतः लिहिलेलं. मराठीत लिहून यंत्राने भाषांतरित केलेलं. स्वतःच्या इंग्रजीवर ग्रामरली किंवा वाक्यरचना बदलून देणारं क्विलबॉट फिरवलेलं. आणि चॅटबॉटला प्रश्न विचारून त्याचं उत्तर उचललेलं. ग्रामरलीने स्पेलिंग आणि ‘अ, अॅन, द’ दुरुस्त करणं वेगळं, आणि अख्खं वाक्य नव्याने लिहून घेणं वेगळं, तेही नोंदवा. पाचवं खातंही असतं, दुसऱ्याकडून पैसे देऊन लिहून घेतलेलं. तिथे हा लेख उपयोगाचा नाही. तो प्रकार एआयच्या खुलाशात दडवू नये आणि दडतही नाही.

वहीत लिहिताना स्वतःला सूट देऊ नका. ही वही सरांना द्यायची नाहीये. खुलाशात काय जाईल ते पुढे ठरेल, पण तुम्हालाच नक्की आठवत नसेल तर तोंडी विचारल्यावर गडबड होते.

आपल्या बाईंच्या वहीत हे निघालं. ३.२ पूर्णपणे स्वतःचं, सिनॉप्सिसमधूनच वाढवलेलं. ५.३ मराठीत वहीत लिहिलेलं, गूगल ट्रान्सलेटने इंग्रजीत आणलं आणि क्विलबॉटमधून काढलं. २.४ मधले चार परिच्छेद स्वतःचे, आणि दोन परिच्छेद चॅटबॉटला ‘ठिबक आणि केळी यांवरच्या अभ्यासांचा आढावा दे’ म्हणून घेतलेले.

पुरावा गोळा करणं

गूगल डॉक्सवर काम केलं असेल तर सोपं आहे. File मध्ये Version history आणि त्यात See version history. तारखेनुसार मजकूर कसा वाढला ते तिथे दिसतं. स्वतः लिहिलेला परिच्छेद तुकड्यातुकड्याने, खाडाखोड करत मोठा झालेला असतो. चिकटवलेला एकदम चारशे शब्दांनी उगवतो. तो उगवलेला दिसला तरी घाबरू नका, वर्डमधून किंवा टायपिंगवाल्याच्या फाइलमधूनही मजकूर असाच येतो. फक्त तो कुठून आला ते दाखवता यायला हवं.

वर्डची फाइल असेल तर फाइलवर राइट क्लिक करून Properties आणि तिथे Details उघडा. फाइल कधी तयार झाली, शेवटी कुणाच्या संगणकावर सेव्ह झाली आणि Total editing time किती, हे तिथे असतं. या शेवटच्या आकड्यावर फार विसंबू नका. फाइल नुसती उघडी राहिली तरी तो वाढतो, आणि नव्या नावाने सेव्ह केली तर पुन्हा पहिल्यापासून मोजणी होऊ शकते. Last saved by मध्ये टायपिंग सेंटरचं नाव आलं तर सरांनी विचारण्याआधीच खुलाशात लिहून टाका, की टंकलेखन बाहेरून करून घेतलं. टायपिंगवाल्याला टायपिंगचे पैसे देणं हा गुन्हा नाही. ते लपवलेलं सापडणं मात्र महागात पडतं.

आपल्याकडे याहून जड पुरावा कागदावरच असतो. शेतकऱ्यांच्या भरलेल्या प्रश्नावल्या, मुलाखतीच्या वह्या, दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे ठेवलेले प्रगती अहवाल. प्रगती अहवाल विशेष मोलाचा, कारण तो तारखेसह कार्यालयात जमा झालेला असतो, नंतर कुणी बनवू शकत नाही. त्यात आजच्या विवेचनाचं बीज असेल तर त्या पानाची झेरॉक्स जोडा. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ अखेर लोकांसाठी खुलं झालं. त्याआधी जमा झालेल्या सिनॉप्सिसमध्ये तीच वाक्यं असतील, तर त्या भागापुरता चॅटबॉटचा प्रश्न मिटल्यातच जमा. बाईंच्या ३.२ ला हाच कागद कामी आला. झोटेरो किंवा मेंडेले वापरत असाल तर कोणता लेख कधी उतरवला याचीही तारीख तिथे सापडते.

रेकॉर्ड केलेल्या मुलाखती असतील, लेवा बोलीतल्या, अहिराणीतल्या, तर त्या ईमेलने पाठवू नका. उत्तर देणाऱ्यांना गुप्ततेचा शब्द दिलेला असतो. ‘भेटीत ऐकवू शकते’ एवढं लिहिलं तरी पुरे.

कधी पुरावा मजकुरातच पडलेला असतो. बाईंच्या ५.३ मध्ये एका ठिकाणी ‘अनियन गार्डन’मधला ठिबकचा खर्च आला होता. वहीत होतं ‘कांदेबाग’. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेल्या केळीला आपण कांदेबाग म्हणतो, जूनच्या लागवडीला मृगबाग. भाषांतराच्या यंत्राने केळीच्या प्रबंधात कांदा पिकवला. हे लाजिरवाणं आहे खरं, पण यातूनच दिसतं की मूळ विचार मराठीत, वहीत, तिथल्या शेतकऱ्याच्या शब्दांत होता. बाईंनी हे स्वतःहून दाखवलं आणि वहीचं पान जोडलं. त्याचवेळी हेही उघड झालं की भाषांतर झाल्यावर त्यांनी तो भाग नीट वाचला नव्हता. ते मान्य करावंच लागलं.

संदर्भ आधी तपासा, मग खुलासा लिहा

चॅटबॉटने लिहिलेल्या साहित्य आढाव्यात सगळ्यात धोक्याचं असतं ते खोटे संदर्भ. लेखकाचं नाव ओळखीचं, नियतकालिक खरं, शीर्षक अगदी पटण्यासारखं, आणि असा लेख कधी छापलाच गेलेला नाही. मजकूर एआयचा निघाला तर ‘पुन्हा लिहा’वर भागू शकतं. संदर्भ बनावट निघाला तर गोष्ट संशोधनातल्या खोटेपणाकडे जाते. म्हणून रंगलेल्या भागातला प्रत्येक संदर्भ, न रंगलेल्या भागातलाही शक्य तितका, हाताने तपासा.

डीओआय असेल तर doi.org वर टाका. दुसरंच काहीतरी उघडलं किंवा काहीच उघडलं नाही, तर थांबा. डीओआय नसेल तर खंड आणि वर्षाचा मेळ बघा, ही ग्रंथपालांची जुनी युक्ती आहे. इंडियन जर्नल ऑफ अॅग्रिकल्चरल इकॉनॉमिक्स १९४६ साली सुरू झालं, दर वर्षाला एक खंड, म्हणजे २०१९चा खंड ७४. बाईंच्या यादीत एका लेखापुढे ‘खंड ६१, २०१९’ होतं. खंड ६१ तर २००६चा. दोन्ही वर्षांच्या अनुक्रमणिका बघितल्या, लेख कुठेच नाही. लेख सापडला तरी काम संपत नाही. तुम्ही त्याच्या नावावर जे वाक्य घातलंय ते त्यात खरंच आहे का, पान उघडून बघा.

बनावट संदर्भ सापडला तर तो सरांनी शोधण्याआधी तुम्ही सांगायचा. यात पर्याय नाही.

खुलाशाचं पत्र

दोन पानांत बसवा. भावनेची वाक्यं, घरची अडचण, नोकरीची ओढाताण, यंत्रांवर टीका, हे सगळं बाहेर ठेवा. परिच्छेद क्रमांक, तो कसा लिहिला, पुरावा काय, पुढे काय करणार, याच क्रमाने जा. ‘नजरचुकीने झाले असावे’ असं लिहू नका, चॅटबॉट नजरचुकीने उघडला जात नाही. बाईंचं पत्र साधारण असं :

‘आदरणीय सर,

आपल्या ईमेलनुसार अहवालातील अधोरेखित भागांबाबत माझा खुलासा सादर करते. परिच्छेद क्रमांक सोबतच्या प्रतीवर घातले आहेत.

३.२ (परिच्छेद १ ते ५) : हा भाग मी इंग्रजीत स्वतः लिहिला आहे. भाषासाधन वापरलेले नाही. यातील परिच्छेद १ ते ३ सिनॉप्सिसमध्ये जवळपास याच शब्दांत आहेत. सिनॉप्सिसच्या जमा प्रतीची पाने जोडली आहेत. नमुना निवडीची गावनिहाय यादी व निवड करतानाची मूळ नोंदवही दाखवू शकते.

५.३ (परिच्छेद ६ ते १४) : तक्ते व त्यांचे विवेचन माझे आहे. विवेचन मी मराठीत वहीत लिहिले, गूगल ट्रान्सलेटने इंग्रजी केले व नंतर क्विलबॉटने वाक्यरचना बदलली. वहीची पाने जोडली आहेत. भाषांतर मूळ मजकुराशी ताडून पाहण्यात मी कमी पडले. परिच्छेद ९ मध्ये “कांदेबाग” या शब्दाचे चुकीचे भाषांतर राहिले आहे. या साधनांचा वापर मी आपणास आधी कळवला नव्हता.

२.४ (परिच्छेद १५ ते २०) : परिच्छेद १५, १६, १९ व २० मी मूळ लेख वाचून लिहिले आहेत, टिपणे जोडली आहेत. परिच्छेद १७ व १८ चॅटबॉटकडून घेतले असून ते माझे लेखन नाही. त्यातील तीन संदर्भ मी तपासले. दोन लेख अस्तित्वात आहेत, तिसरा कोठेही आढळला नाही. तो संदर्भ मी न तपासता घेतला होता. इतर प्रकरणांतील संदर्भांची तपासणी सुरू आहे, तिचा तक्ता पंधरा दिवसांत देईन.

परिच्छेद १७ व १८ काढून मूळ लेखांवरून नव्याने लिहिण्यास आणि ५.३ मूळ वहीवरून पुन्हा लिहिण्यास परवानगी मिळावी. प्रत्यक्ष भेटीत कोणत्याही परिच्छेदाविषयी विचारल्यास सांगण्यास तयार आहे.

आपली विद्यार्थिनी’

या पत्रातली एक गोष्ट मुद्दाम बघा. कबुली दोन परिच्छेदांपुरती आहे आणि ती स्पष्ट आहे, म्हणूनच उरलेल्या भागाबद्दलचं तिचं म्हणणं विश्वासाला पात्र ठरतं. ‘काहीच वापरलं नाही’ असं सरसकट लिहिणारा आणि ‘सगळ्यालाच माफी असावी’ असं लिहिणारा, दोघंही सरांना तपासण्याजोगं काही देत नाहीत.

भेटीत

सर बहुधा बोलावतील. मूळ वह्या, प्रश्नावल्यांचा गठ्ठा आणि लॅपटॉप घेऊन जा. जाणते गाइड आकड्यावर वाद घालत नाहीत. ते एक तक्ता समोर ठेवतात आणि म्हणतात, ‘मृगबागेत ठिबकचा खर्च इथे कमी का दिसतो, सांगा बरं.’ किंवा कोरा कागद पुढे करतात, यावर दहा ओळी लिहा. मराठीत लिहू का, असं विचारायला हरकत नाही. विचार तुमचा असेल तर तो मराठीत येईल, आणि सरांना तेच बघायचं असतं. भेट झाल्यावर ठरलेल्या गोष्टी संध्याकाळीच ईमेलने लिहून पाठवा : ‘आज ठरल्याप्रमाणे...’ तोंडी मिळालेली परवानगी सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

दुरुस्ती

रंगलेला परिच्छेद समोर ठेवून शब्द बदलत बसू नका. सांगाडा तोच राहतो आणि यंत्राला सांगाडाच दिसतो. परिच्छेद बंद करा, वही आणि तक्ता उघडा, आणि नव्याने लिहा. विवेचनात गावाचं नाव, आकडा, अपवाद येऊ द्या. अमुक गावात विहिरीचं पाणी खोल गेल्यामुळे नळी बदलावी लागली, हे चॅटबॉटला ठाऊक नसतं. इंग्रजी जरा ओबडधोबड झालं तरी चालेल, भाषा तपासायला महाविद्यालयातल्या इंग्रजीच्या मॅडमना विनंती करा आणि ऋणनिर्देशात त्यांचं नाव घाला. ३.२ सारख्या ठामपणे स्वतःच्या असलेल्या भागाला, फक्त रंगला म्हणून, हात लावू नका. खुलाशात स्वतःचा म्हटलेला मजकूर नंतर बदललात तर शंका परत येते.

भाषांतराचं साधन पुढेही वापरायचं असेल तर सरांच्या लेखी संमतीने वापरा, आणि पद्धतिशास्त्राच्या प्रकरणात दोन वाक्यांत सांगा : कोणतं साधन, कोणत्या प्रकरणासाठी, कशाकरता, आणि तपासलं कुणी. फेरतपासणीत आकडा शून्य येईलच असं नाही. तो शून्यावर आणण्यासाठी चांगली वाक्यं मोडू नका.

प्रकरण समितीकडे गेलं तर

काही वेळा सर स्वतः निर्णय न घेता कागद विभागाच्या शैक्षणिक सचोटी समितीकडे पाठवतात. इथे एक गल्लत वारंवार होते. आयोगाच्या २०१८च्या वाङ्मयचौर्य नियमावलीत प्रबंधासाठी पट्टे आहेत : १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, ४०पर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, ६०च्या वर नोंदणी रद्द. हे पट्टे साम्याचे आहेत. ३१ टक्के एआय म्हणून दुसऱ्या पट्ट्यात, असा हिशोब त्या नियमावलीत कुठेही नाही. ती लिहिली गेली तेव्हा ही साधनं बाजारात नव्हती.

पण म्हणून एआयचा मजकूर चालतो असाही अर्थ निघत नाही. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून मांडणं, ही व्याख्या त्याच नियमावलीत आहे आणि चॅटबॉटच्या परिच्छेदावर बोट ठेवायला समितीला ती पुरू शकते. बनावट संदर्भ तर कुठल्याच पट्ट्यात बसत नाही. समितीकडून पत्र आलं तर लेखी विचारा : कोणत्या नियमाखाली विचारणा आहे, विद्यापीठाचं एआयबद्दल परिपत्रक असल्यास त्याची प्रत मिळेल का, आणि आपली बाजू मांडायची संधी केव्हा मिळेल. सरांना दिलेला खुलासा जसाच्या तसा जोडा. दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगितल्या की समितीला पुढचं काही बघावंच लागत नाही.

पहिल्या दिवशी पेनड्राइव्हवर ठेवलेली ती न उघडलेली कॉपी, वह्या आणि प्रश्नावल्या पदवी हातात आली तरी टाकून देऊ नका. प्रबंध शोधगंगेवर चढला की तो कुणीही, केव्हाही, तेव्हाच्या नव्या साधनातून काढून बघू शकतो.